संथ वन्यजीवपट आणि झोपेपूर्वीचा तास

स्वीडनच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या ओंगरमान नदीच्या काठी, युन्सेले गावाजवळच्या कुलबेरी या ठिकाणी, 2019 पासून दर वसंत ऋतूत कॅमेरे बसवले जातात आणि एसव्हीटी ही स्वीडनची सार्वजनिक दूरचित्रवाणी सुमारे तीन आठवडे तेथील दृश्य रात्रंदिवस थेट दाखवते. या कार्यक्रमाच्या स्वीडिश नावाचा अर्थ ‘मूसचे महास्थलांतर’ असा होतो. मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर असून पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे दोन मीटर भरते. हिवाळा सरला की हे प्राणी उन्हाळ्यातील हिरव्या चाऱ्याच्या दिशेने निघतात आणि वाटेत आडवी येणारी ही नदी पोहून ओलांडतात. कार्यक्रमात घडते ते एवढेच. एखादा मूस प्रत्यक्ष पोहताना दिसतो तो काळ काही मिनिटांचा असतो. उरलेले शेकडो तास पाणी, वितळणारा बर्फ, पाइनची झाडे, एखादे बदक आणि मावळतीचा किंवा उगवतीचा प्रकाश यांनी व्यापलेले असतात.

ज्याला इंग्रजी नावावरून ‘स्लो टीव्ही’ म्हणतात त्या प्रकाराचे हे वन्यजीवनातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण होय. हा प्रकार रुळला तो शेजारच्या नॉर्वेत, जेथे एनआरके या सार्वजनिक वाहिनीने 2009 साली बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून अधिक काळाचा रेल्वेप्रवास जवळजवळ जसाच्या तसा दाखवला आणि 2011 साली किनाऱ्यालगत चालणाऱ्या जहाजाचा सलग 134 तासांचा प्रवास थेट प्रक्षेपित केला. यांतील मूळ कल्पना अशी की, घटना प्रत्यक्ष जेवढा वेळ घेते तेवढाच वेळ तिला पडद्यावर द्यायचा आणि निर्मात्याने मध्ये पडून ती आकर्षक करण्याचा मोह टाळायचा. स्वीडिश कार्यक्रमात ही शिस्त तांत्रिक मांडणीतूनच येते. 2025 च्या प्रक्षेपणासाठी सुमारे 20,000 मीटर केबल अंथरून दुरून चालवता येणारे 26 कॅमेरे आणि रात्रीचे 7 कॅमेरे लावण्यात आले होते, तर ते चालवणारी माणसे दूर उमेओ शहरातील नियंत्रणकक्षात बसलेली होती, कारण माणसाची चाहूल लागली की मूस वाट बदलतात. त्या वर्षी ऊबदार हवेमुळे प्राणी लवकर निघाले आणि प्रक्षेपणही आठवडाभर आधी सुरू करावे लागले, यावरून वेळापत्रक कोणाच्या हाती असते हे कळते. याच नदीवर, बरेच खालच्या अंगाला, नेमफोर्सेन येथील खडकांवर अश्मयुगीन माणसांनी कोरलेल्या दोन हजारांहून अधिक आकृत्या आहेत आणि त्यांत मूसची संख्या फार मोठी आहे; तेव्हा या खोऱ्यात मूसची वाट पाहत बसणे हा काही दूरचित्रवाणीने लावलेला शोध नव्हे.

असे कार्यक्रम आणि त्यांच्या धर्तीवरचे संथ माहितीपट झोपेपूर्वी पाहावेत, त्याने मन निवते, असे सर्रास सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु का खरे आहे आणि कोठे खोटे ठरते हे समजून घेण्यासाठी आधी नेहमीच्या वन्यजीवपटाची रचना पाहावी लागते. बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ 2’ या 2016 सालच्या मालिकेतील एक प्रसंग जगभर पाहिला गेला. गालापागोस द्वीपसमूहातील फर्नांदिना बेटावर नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले समुद्री इग्वाना वाळूतून खडकाकडे धावते आणि दगडांच्या फटींतून निघालेले साप त्याच्या मागे लागतात. प्रसंग अस्सल आहे, पण पडद्यावर दिसते तो एकच पाठलाग नाही. एकाहून अधिक पिल्लांची चित्रणे जोडून तो उभा केलेला आहे. कधी पिल्लाचा डोळा, कधी सापाचे डोके, कधी वरून दिसणारी वाळू असे तुकडे झपाट्याने बदलत जातात, त्यांच्याखाली वाढत्या लयीचे संगीत असते आणि पिल्लू वाचणार की नाही हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत ठेवलेला असतो. निसर्गाविषयीचा असला तरी हा प्रसंग शरीराच्या दृष्टीने थरारपटच होय.

यामागे मेंदूची एक जुनी सवय आहे. भोवताली काही नवे घडले की प्राणी हातातले काम थांबवून त्या दिशेला वळतो. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह याने या प्रतिक्रियेचे वर्णन ‘हे काय आहे?’ असे विचारणारा प्रतिक्षेप असे केले होते. तिला अभिमुखता प्रतिक्षेप म्हणतात. पुढे येव्हगेनी सोकोलोव्ह याने असे मांडले की, मेंदू भोवतालच्या परिस्थितीचा एक नमुना तयार करतो, आलेली संवेदना त्या नमुन्याशी जुळली तर तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि जुळली नाही तरच लक्ष देतो. संवेदना वारंवार तशीच आली की प्रतिक्रिया मंदावत जाते, यालाच सराव किंवा अभ्यस्तता म्हणतात. पडद्यावरचे दृश्य अचानक बदलणे, कॅमेरा एकदम जवळ जाणे, शांततेत आवाज फुटणे, या सर्व गोष्टी जुळणी मोडतात आणि प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा पडद्याकडे वळवतात. प्रेक्षक खिळून राहतो असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कथेइतकाच या प्रतिक्षेपाचाही वाटा असतो. उलट नदीचे पात्र दहा मिनिटे एकाच कोनातून दिसत राहिले तर मेंदूचा नमुना लवकरच पुरा होतो आणि पुढच्या लाटेत त्याला नवे काही उरत नाही. संथ वन्यजीवपटाचा झोपेसाठी होणारा उपयोग मुख्यतः या सरावावर उभा आहे, आणि निसर्गाच्या सौंदर्याला त्याचे जेवढे श्रेय दिले जाते तेवढे द्यावे की नाही याविषयी शंका घेता येते. सुंदर दृश्यांचीच भराभर जोडणी केली तर ती जागेच ठेवते.

चित्रापेक्षा ध्वनीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण डोळे मिटले तरी कान मिटत नाहीत आणि हलक्या झोपेतही मेंदू आवाजाची दखल घेत राहतो. येथे सामान्य प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वन्य प्राण्यांचे चित्रण लांब पल्ल्याच्या भिंगातून, पुष्कळ अंतरावरून होते. तेवढ्या अंतरावरून पावलांचा किंवा गवत चावण्याचा आवाज ध्वनिग्राहकात येत नाही. त्यामुळे नेहमीच्या वन्यजीवपटांतील असे बारीक आवाज बहुधा नंतर ध्वनिशाळेत वेगळे तयार करून चित्राला जोडलेले असतात. ते जवळचे, ठसठशीत आणि सुटे असतात, आणि नेमक्या अशाच आवाजांनी कान टवकारले जातात. संथ प्रक्षेपणात नदीकाठी ठेवलेल्या ध्वनिग्राहकातून वारा, पाणी आणि दूरचे पक्षी यांचा एकसारखा पडदा ऐकू येतो व त्यातून सुटा आवाज क्वचितच वर येतो. दुसरी गोष्ट पातळीची. युरोपातील प्रसारणाच्या मानकानुसार कार्यक्रमाच्या आवाजाची सरासरी ठरावीक ठेवली जाते, पण सरासरी सारखी असली म्हणजे चढउतार थोडे असतात असे नाही. दहा मिनिटे कुजबुज आणि मग हत्तीचा चीत्कार असाही कार्यक्रम त्या सरासरीत बसतो. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवणारा प्रेक्षक त्या चीत्काराने दचकतो. पुष्कळ टीव्ही संचांत ‘नाइट मोड’ किंवा अशाच नावाची सोय असते, ती मोठे आवाज दाबून आणि बारीक आवाज उचलून हे अंतर कमी करते; रात्री ती चालू ठेवावी.

निवेदनाचेही असेच आहे. निवेदकाचा आवाज कितीही मृदू असला तरी वाक्य सुरू झाले की अर्थ लावण्याचे काम सुरू होते, आणि चांगला निवेदक वाक्याच्या शेवटी काहीतरी राखून ठेवतो, म्हणजे पुढचे ऐकावेसे वाटते. मराठी प्रेक्षकांपर्यंत इंग्रजी माहितीपट अनेकदा हिंदी ध्वनिपट्टीसह येतात आणि त्यांतील निवेदन मूळ इंग्रजीपेक्षा बरेचदा चढ्या सुरात व आवेशात केलेले असते. तेव्हा भाषा सोपी पडते म्हणून तो पर्याय घेणे झोपेच्या दृष्टीने फायद्याचे ठरेलच असे नाही. मूळ इंग्रजी ठेवून तळाशी उपशीर्षके लावली तर डोळे वाचत राहतात. निवेदन नसलेला कार्यक्रमच या वेळी सर्वांत बरा. बीबीसी फोरने 2015 साली दाखवलेल्या ‘द स्ले राइड’ या दोन तासांच्या कार्यक्रमात नॉर्वेच्या उत्तरेकडील कारास्योक परिसरात रेनडिअर ओढत असलेल्या घसरगाड्यांचा प्रवास निवेदनाशिवाय दिसतो; माहितीची थोडकी अक्षरे बर्फाच्या दृश्यातच बेमालूम उमटतात आणि कानावर पडतो तो घंटांचा व बर्फ चिरडल्याचा आवाज. रेनडिअर पाळीव आहेत, त्यामुळे काटेकोर अर्थाने हा वन्यजीवपट नव्हे, पण रचनेचा नमुना म्हणून तो पाहण्यासारखा आहे.

आता मूसच्या कार्यक्रमातील गोम. त्याचे अनेक चाहते तो पाहत झोपी जातात, हे खरे. पण 2025 साली एका ज्येष्ठ स्वीडिश प्रेक्षक बाईने वृत्तसंस्थेला जे सांगितले त्याचा आशय असा होता की, या तीन आठवड्यांत झोपेचे नावच नको, कॉफी आणि तयार जेवण भरून ठेवलेले असते व एकही मूस चुकू नये म्हणून जागरण चालते. दृश्य तेच, वेग तोच, आणि परिणाम अगदी उलटा. याचे कारण प्रतीक्षा. मूस येईल का, तो पाण्यात उतरेल का, उतरल्यावर पलीकडे पोहोचेल का, हे प्रश्न इग्वानाच्या प्रसंगासारखेच लोंबकळत राहतात, फक्त त्यांची दोरी लांब असते. किती मूस पार झाले याचा हिशेब ठेवला जातो, तोही उत्सुकतेत भर घालतो. म्हणून कार्यक्रमाचा संथपणा आणि त्याची झोपेसाठीची उपयुक्तता यांत फरक करणे भाग आहे: पहिला गुण चित्रणाचा आहे, दुसरा प्रेक्षकाच्या अपेक्षेवर अवलंबून असतो. जो मूसला भेटायला बसला आहे त्याला तो जागवतो आणि जो नदीकडे पाहत बसला आहे त्याला झोपवतो.

थेट प्रक्षेपणात आणखी एक धोका असतो, तो अलास्कातील कटमाई राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. तेथील ब्रुक्स धबधब्यापाशी सॅमन मासे पकडणाऱ्या तपकिरी अस्वलांचे थेट दृश्य इंटरनेटवर जगभर पाहता येते. उन्हाळ्यात भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा वाजता तेथे सकाळचे नऊ झालेले असतात, म्हणजे अस्वलांच्या कामाची वेळ आणि भारतीयांची झोपेपूर्वीची वेळ नेमकी जुळते. धबधब्याचा अखंड आवाज, प्रवाहात तासन्‌तास उभे असलेले अस्वल, हे सर्व गुंगी आणणारे आहे. तथापि 30 सप्टेंबर 2024 रोजी याच कॅमेऱ्यांसमोर 469 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या नराने 402 क्रमांकाच्या मादीला नदीत झुंजीत ठार केले, आणि ते थेट पाहिले गेले. अलास्कात तेव्हा सकाळ होती, म्हणजे भारतात रात्र. त्या घटनेमुळे तेथील ‘फॅट बेअर वीक’ या लोकप्रिय स्पर्धेतील अस्वलांची घोषणाही लांबणीवर टाकावी लागली. निसर्गात असे घडते आणि कॅमेरा ते गाळत नाही, हेच या प्रकाराचे मोल. मात्र झोपेपूर्वीच्या तासासाठी थेट प्रक्षेपणापेक्षा आधी झालेले आणि शक्यतो पूर्वी पाहिलेले ध्वनिचित्रमुद्रण अधिक भरवशाचे. पुन्हा पाहण्यात ‘पुढे काय’ हा प्रश्नच उरत नाही.

राहता राहिला प्रकाश, ज्याची चर्चा सर्वांत जास्त होते. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीच्या नेहमीच्या पेशींखेरीज मेलानॉप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस मावळला की नाही याची वार्ता मेंदूला पोहोचवतात. ही वार्ता ‘अजून उजेड आहे’ अशी असेल तर मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक उशिरा स्रवते. 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपेपूर्वी चार तास पूर्ण उजळलेल्या पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. चार तास आणि पूर्ण उजेड एवढे करूनही फरक दहा मिनिटांचा होता, हे लक्षात ठेवले तर पडद्याच्या प्रकाशाला दिला जाणारा सारा दोष त्याचा नाही हे दिसते. आशयाला त्याहून अधिक धारेवर धरले पाहिजे. तरीही प्रकाशशास्त्रज्ञांच्या एका गटाने 2022 साली केलेली शिफारस अशी की, झोपेपूर्वीचे तीन तास डोळ्यापाशी पोहोचणारा निळसर प्रकाश, त्यासाठी ठरवलेल्या मापाने, 10 लक्सच्या आत असावा. दहा फुटांवरचा, उजेड कमी केलेला टीव्ही ही मर्यादा पाळणे सोपे करतो, तर तोंडासमोर धरलेला लख्ख मोबाइल अवघड. येथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे: शांततेसाठी निवडले जाणारे ध्रुवीय प्रदेशांचे माहितीपट बर्फामुळे जवळजवळ पांढऱ्या पडद्याएवढा प्रकाश फेकतात. घसरगाड्यांचा वर वाखाणलेला प्रवासही याला पूर्ण अपवाद नाही. संधिप्रकाशातील जंगल, पावसाळी डोह किंवा खोल समुद्र यांची दृश्ये या बाबतीत बरी.

एखादा माहितीपट या कामाचा आहे की नाही हे त्याच्या नावावरून किंवा ‘रिलॅक्सिंग’ अशा लेबलावरून कळत नाही. त्याची परीक्षा दिवसा करावी लागते. मधला कोणताही भाग लावून आवाज बंद करावा आणि दोन मिनिटांत दृश्य किती वेळा बदलते ते मोजावे. पाच-सहा बदल झाले, म्हणजे प्रत्येक दृश्य सरासरी वीस सेकंद तरी टिकले, तर तो चालण्याजोगा आहे असा ढोबळ अंदाज ठेवता येतो. तीस बदल झाले तर दृश्य जंगलाचे असले तरी जोडणी जाहिरातीची आहे. मग डोळे मिटून पुढची पाच मिनिटे नुसते ऐकावे. पडद्यावर काय घडले असेल हे आवाजावरून ओळखावेसे वाटले, किंवा डोळे उघडण्याची एकदाही ऊर्मी झाली, तर तो कार्यक्रम संध्याकाळी चहाबरोबर पाहण्याचा आहे. अकरा वाजता झोपणाऱ्या घरात या परीक्षेत उतरलेला कार्यक्रम सव्वादहाच्या सुमारास लावला, ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा ठेवला, पडद्याचा उजेड दिवसापेक्षा बराच खाली आणला आणि एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली, की मांडणी पुरी होते. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त विसरली जाते आणि सर्वांत जास्त झोप तीच खाते. फुकट मंचांवर जाहिराती मध्येच शिरतात, त्यांचा आवाज कार्यक्रमाहून चढा असू शकतो, म्हणून तेथील दहा तासांची ‘धबधबा’ चित्रमुद्रणे जाहिरातींसह लावू नयेत.

कार्यक्रम पाहण्याची जागा मात्र अंथरूण नसावी. निद्रानाशावरील वर्तनोपचारात, म्हणजे औषधांऐवजी सवयी बदलून केल्या जाणाऱ्या उपचारात, अंथरुणाचा संबंध केवळ झोपेशी राहावा यावर भर असतो. पलंगावर पडून पडदा पाहण्याची सवय लागली की अंथरूण जागेपणाची जागा बनते आणि पुढे पडदा नसताना झोप येईनाशी होते. म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पाहावे, पापण्या जड झाल्या की कार्यक्रम अर्धवट सोडून उठावे. अर्धवट सोडताना चुटपुट लागत असेल तर निवड चुकली आहे असे समजावे. रात्रभर टीव्ही चालू ठेवून झोपण्याने काही साधत नाही, कारण लागलेल्या झोपेत बदलते आवाज व्यत्ययच आणतात.

निरोगी माणसाला दिवे मालवल्यानंतर झोप लागायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात, आणि संथ वन्यजीवपट त्याआधीचा तास शांत करण्यापलीकडे काही करत नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश मानते. अशा वाचकाने दुसरा माहितीपट शोधण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना भेटावे.